रेंडरमधलं ड्रिल पुन्हा पुन्हा खोटं का दिसतं: उलटा पीळ, सरसकट झीज आणि ताणलेली ग्रिप

ड्रिल मशीन, शेजारी पान्यांचा सेट, खाली तेल प्यायलेलं लाकडी बाकडं. हत्यारांच्या कॅटलॉगसाठी हे दृश्य मी ब्लेंडरमध्ये आतापर्यंत बऱ्याच वेळा उभं केलं आहे आणि बऱ्याच वेळा ते परत आलं आहे. कारण दर वेळी एकच: "छान आहे, पण खोटं वाटतंय." नक्की काय खोटं वाटतंय हे सांगणाऱ्यालाही सांगता येत नाही. मग आपण लाइट बदलतो, सॅम्पल वाढवतो, कॅमेऱ्याची फोकल लेंथ बदलतो. चित्र आणखी गुळगुळीत होतं आणि तरी खोटंच वाटतं.

गेल्या पावसाळ्यात हेच दृश्य तिसऱ्यांदा परत आलं, तेव्हा मी प्रिंट घेऊन वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसच्या खालच्या गाळ्यात गेले. तिथे लेथवर काम करणारे एक काका आहेत. त्यांनी चहाचा ग्लास बाजूला ठेवला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि प्रिंटवर बोट ठेवलं. "ताई, हे ड्रिल डावं आहे. यानं भोक पडणार नाही." मग बोट पान्यांकडे सरकलं. "आणि हे आठही पाने सारखेच घासलेत. असं कधी होत नाही."

तीन आठवडे जे मला दिसत नव्हतं ते त्यांना दोन मिनिटांत दिसलं. त्यानंतर मी प्रत्येक फाइल याच क्रमाने तपासते: आधी बिटचा आकार, मग धातूची झीज, शेवटी ग्रिप. पहिली चूक जवळजवळ प्रत्येक फाइलमध्ये सापडते, म्हणून तिच्यावर जास्त लिहिते.

(गाळ्यात बिटलाच 'ड्रिल' म्हणतात आणि यंत्राला नुसतं 'मशीन'. इथे गोंधळ नको म्हणून मी बिट आणि मशीन असे शब्द वापरते आहे.)

बिट डावं कसं होतं

दुकानात मिळणारं साधं बिट उजव्या पिळाचं असतं. मशीनच्या मागून पाहिलं तर ते घड्याळाच्या दिशेने फिरतं, त्याच्या धारा त्याच दिशेला तोंड करून असतात आणि खाचांमधून धातूचा कीस वर चढून बाहेर येतो. पीळ उलटा असेल तर सरळ फिरवताना धारेची पाठ पुढे येते. डाव्या पिळाची बिटं असतात, पण ती तुटलेला बोल्ट उलटा फिरवून काढण्यासारख्या ठरावीक कामांची. कॅटलॉगच्या साध्या मशीनमध्ये ते दिसलं की फिटरचा डोळा तिथेच अडकतो.

ओळखायला सोपं आहे. चित्र फिरवून बिटचं टोक वर आणा. समोर दिसणाऱ्या खाचा खालच्या डाव्या बाजूकडून वरच्या उजव्या बाजूकडे चढत असतील तर पीळ बरोबर. टोक खाली केलंत तरी त्या तशाच दिसतात, पिळाची दिशा उलटं धरल्याने बदलत नाही. खात्री हवी असेल तर घरातला कुठलाही साधा बोल्ट बिटच्या शेजारी उभा धरा. बोल्टचे आटे जवळजवळ आडवे आणि बिटच्या खाचा उभट, पण दोन्ही कलतात त्याच बाजूला. एक जपा: बाकड्यावर आडवं पडलेलं बिट पाहताना कल वरच्या डावीकडून खालच्या उजवीकडे दिसतो, आणि तेच बरोबर असतं. आडव्या चित्रावरून घाईत निर्णय घेतला तर बरोबर असलेलं बिट उलटं करून बसाल.

माझ्या फाइलमध्ये चूक शिरली ती अशी. मांडणीत मशीन उजवीकडे तोंड करून होतं, ते डावीकडे हवं होतं. मी सगळं निवडून `S`, `X`, `-1` केलं. मशीन फिरल्यासारखं दिसलं, पण आपण ते फिरवलं नव्हतं, त्याचं आरशातलं प्रतिबिंब केलं होतं. पान्यांवरचे आकडे उलटे दिसले म्हणून ते मी लगेच दुरुस्त केले. बिटवर वाचण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ते तसंच राहिलं. पूर्ण चित्रच आडवं उलटवलं तरी हेच होतं.

ऋण स्केल लागलेल्या वस्तू शोधायला हे पुरतं. वस्तू निवडा आणि ब्लेंडरच्या स्क्रिप्ट खिडकीत चालवा:

```python
import bpy
for o in bpy.context.selected_objects:
    if o.matrix_world.determinant() < 0:
        print(o.name)
```

सिस्टम कन्सोलमध्ये जी नावं छापली जातील त्या वस्तू आरशातल्या आहेत. पण या तपासणीला एक मर्यादा आहे. उलटवल्यानंतर कोणी `Ctrl+A` दाबून स्केल लागू केलं असेल, तर आकडा पुन्हा धन होतो आणि जाळी, म्हणजे मेश, मात्र उलटीच राहते. तेव्हा स्क्रिप्ट गप्प बसली म्हणून निश्चिंत होऊ नका, टोक वर करून डोळ्यांनी पाहाच. दिशा बदलायची असेल तर वस्तू उभ्या अक्षाभोवती 180 अंश फिरवा. मशीनची दुसरी बाजू समोर येते, तेवढं सोसा, किंवा कॅमेरा पलीकडे न्या.

पीळ किती वेळा फिरतो

दिशा सुधारली तरी माझं बिट खोटंच दिसत होतं, कारण त्यावर सहा वेढे होते. कल्पनेतलं बिट आपण असंच काढतो, जिलबीसारखं दाट. काकांनी 10 मिलीमीटरचं एक बिट हातात दिलं आणि म्हणाले, खाचेवर नख ठेवून टोकापासून वर जा. नख दीड वेढ्यात वर पोहोचलं.

हिशेब सरळ आहे. साध्या कामाच्या बिटवर खाचेचा कल अक्षाशी साधारण 30 अंशांचा असतो. एका पूर्ण वेढ्याला लागणारी लांबी म्हणजे व्यासाला π ने गुणायचं आणि त्या कोनाच्या `tan` ने भागायचं. 10 मिलीमीटरच्या बिटसाठी 31.4 भागिले 0.577, म्हणजे सुमारे 54 मिलीमीटर. नेहमीच्या लांबीच्या 10 मिलीमीटर बिटची एकूण लांबी 133 मिलीमीटर आणि खाचेचा भाग 87 मिलीमीटर असतो. 87 भागिले 54, म्हणजे जेमतेम 1.6 वेढे, अंशांत 576. खाचा दोन असतात, म्हणून एका बाजूने पाहताना तीन-साडेतीन पट्टे दिसतात. त्यापेक्षा दाट दिसत असेल तर ते बिट राहत नाही, त्याचा स्क्रू होतो.

ब्लेंडरमध्ये मी आता असं करते. बिटचा आडवा छेद आधी काढते: 10 मिलीमीटरचं वर्तुळ, समोरासमोर दोन खाचा, मध्ये उरलेला गाभा साधारण दीड मिलीमीटर. त्यावर `Screw` मॉडिफायर, अक्ष `Z`, `Angle` 576°, `Screw` 0.087 मीटर, `Steps` आणि `Render` दोन्ही 128. पीळ उलटा आला तर `Angle` ऋण करायचा. व्यास बदलला तर हे आकडे तसेच ठेवू नका. 6 मिलीमीटरच्या बिटला खाचेचा भाग 57 मिलीमीटर आणि एका वेढ्याची लांबी सुमारे 33 मिलीमीटर, म्हणजे पावणेदोन वेढे. एकच मॉडेल सगळीकडून सारखं लहान-मोठं केलं तर कोन टिकतो. पण फक्त लांबी ताणली तर कोन बिघडतो, आणि घाईत आपण नेमकं तेच करतो.

टोकाकडे या. साध्या बिटच्या टोकाचा कोन 118 अंश असतो, म्हणजे 10 मिलीमीटरच्या बिटवर शंकूची उंची फक्त 3 मिलीमीटर. नजरेला हे फार बोथट वाटतं, म्हणून हात आपोआप पेन्सिलीसारखं टोक काढतो. 118 अंशांच्या शंकूने छेदलं की टोक बरोबर बसतं, पण अगदी शेवटी सुई उरते आणि खऱ्या बिटला सुई नसते. दोन धारांच्या मध्ये गाभ्याच्या जाडीएवढी एक आडवी, बोथट छोटी कड असते आणि ती धारांशी तिरकी बसते. मी शेवटचे बिंदू एका दीड-दोन मिलीमीटरच्या रेषेवर आणून ठेवते. एवढ्या लहान गोष्टीने टोकावरची चमक एका ठिपक्याऐवजी छोट्या रेघेत पडते.

आणखी एक गोष्ट जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. खाचांच्या मधला उंचवटा सगळाच्या सगळा पूर्ण व्यासाचा नसतो. खाचेच्या कडेलगत जेमतेम मिलीमीटरभर रुंदीची एक पट्टी पूर्ण व्यासाची असते, बाकीचा भाग तिच्यापेक्षा किंचित खाली घेतलेला असतो, म्हणजे भोकाच्या भिंतीला घासायला नको. काळ्या बिटवर बहुधा ही पट्टी उजळ दिसते आणि पिळाबरोबर वर चढत जाते. मॉडेलमध्ये ती नसेल तर बिट फिरवलेल्या मेणबत्तीसारखं दिसतं. छेद काढतानाच तिथे एक छोटी पायरी दिली की काम झालं.

शेवटी बिट चकमध्ये किती आत गेलं आहे ते पाहा. 133 मधून 87 वजा केले की 46 मिलीमीटरचा गुळगुळीत दांडा उरतो. चकचे तीन जबडे या दांड्यालाच धरतात, खाचेला कधीच नाही. म्हणून जबड्यांच्या बाहेर थोडा गुळगुळीत दांडा दिसलाच पाहिजे, मी 15 मिलीमीटर ठेवते. जबडे तीन, एकमेकांपासून 120 अंशांवर. चार जबडे काढलेली मॉडेल मी पाहिली आहेत. तसंच, हॅमर ड्रिलच्या एसडीएस-प्लस बिटच्या दांड्याला बसण्यासाठी चार खोबण्या असतात. ते बिट तीन जबड्यांच्या चकमध्ये दाखवू नका, त्याचा चकच वेगळा असतो.

झीज सगळीकडे सारखी का पसरते

आता काकांचं दुसरं बोट. आठही पाने सारखे घासलेले, आणि प्रत्येक पान्याच्या सगळ्या कडा सारख्या उजळलेल्या. हे का होतं हे कळायला कडा कशा शोधल्या जातात ते बघावं लागतं.

बहुतेक जण `Geometry` नोडमधलं `Pointiness` वापरतात. ते जाळीच्या बिंदूंवर मोजलं जातं, त्यामुळे बिंदू विरळ असतील तिथे झीज धुरकट पसरते आणि दाट असतील तिथे केसाएवढी बारीक होते. एकाच पान्यावर डोक्याशी वेगळी झीज आणि दांड्यावर वेगळी, तीही जाळी कशी पडली यावर अवलंबून. म्हणून मी `Bevel` नोडकडे वळले. त्याचा `Normal` आणि `Geometry` नोडचा `Normal` यांचा `Dot Product` घ्यायचा. सपाट जागी उत्तर 1 येतं, कडेजवळ कमी होतं. `Color Ramp` ने ते आवळून उलटं केलं की कडांचा मास्क तयार. `Radius` मीटरमध्ये असतो, पान्यासाठी 0.0006 पासून सुरुवात करा.

इथेही एक खोट राहते. हा नोड बाहेरच्या कडा आणि आतले कोपरे यांत फरक करत नाही. त्यामुळे पान्यावरच्या कोरीव आकड्यांच्या तळाशीही धातू उघडा पडतो, जिथे प्रत्यक्षात तेल आणि मळ साचतो. उपाय म्हणून `Ambient Occlusion` नोड घ्या, `Distance` 0.003 च्या आसपास, आणि त्याने मास्कला गुणा. आतले कोपरे काळे होऊन गळून जातात. तोच काळा भाग उलटा करून मळासाठी वापरता येतो, म्हणजे एका नोडमध्ये दोन कामं.

एवढं करून तांत्रिक चूक गेली, खोटेपणा नाही गेला. पाना कुठे झिजतो? जिथे तो नटला लागतो तिथे. उघड्या तोंडाच्या पान्यावर जबड्यांच्या आतल्या दोन सपाट बाजू, त्यातही टोकाकडचा भाग, कारण नट फिरवताना सगळा जोर तिथे येतो. रिंग पान्यात आतले कोपरे. डोक्याच्या दोन्ही चपट्या बाजूंवर बारीक ओरखडे पडतात, कारण पेटीत पाने एकमेकांवर आपटतात. आकडे उठावाचे असतील तर त्यांचा माथा आधी उजळतो. दांड्याचा मधला भाग मात्र वर्षानुवर्षं चकचकीत राहतो, तिथे फक्त हाताचे डाग. आपण मात्र दांड्याच्या लांब कडाच आधी उजळवतो, कारण मास्क तिथे छान दिसतो. आता मी मास्कवर हाताने रंगवलेला आणखी एक थर ठेवते: तोंडाशी पांढरा, दांड्यावर जवळजवळ काळा.

आणि आठ पाने सारखे झिजत नाहीत. आपल्याकडच्या नेहमीच्या आठच्या सेटमध्ये 6-7, 8-9, 10-11, 12-13, 14-15, 16-17, 18-19 आणि 20-22 असतात. काकांच्या पेटीत 10-11 आणि 12-13 यांचं क्रोम तोंडाशी पूर्ण गेलेलं होतं, 16-17 अर्धा गेलेला, आणि 20-22 वर कारखान्यातलं तेल अजून चिकट होतं. कारण उघड आहे. एम 6 च्या बोल्टला 10 चा पाना लागतो, एम 8 ला 13 चा, आणि गाड्यांपासून यंत्रांच्या झाकणांपर्यंत हेच बोल्ट सगळ्यात जास्त. 22 चा पाना महिन्यातून एखाद वेळी निघतो.

हे मटेरियलमध्ये उतरवायला प्रत्येक पान्याला `vapar` नावाची कस्टम प्रॉपर्टी देते, 0 ते 1. मग `Attribute` नोड, प्रकार `Object`, नाव `vapar`, आणि त्याने झिजेच्या मास्कला गुणायचं. मटेरियल एकच, पाने आठ, प्रत्येकाचा इतिहास वेगळा. माझ्या फाइलमध्ये 12-13 ला 0.9, 10-11 ला 0.8, 16-17 ला 0.5 आणि 20-22 ला 0.05 आहे. यादृच्छिक आकडे देऊन हे साधत नाही. तसं करून पाहिलं तेव्हा 22 चा पाना सगळ्यात जुना झाला आणि काकांनी तो बरोबर हेरला.

सेट बनवताना एकच पाना लहान-मोठा करत असाल तर तोंडाचं माप मोजा. पान्यावरचा आकडा म्हणजे त्या तोंडाची मिलीमीटरमधली रुंदी. 10-11 चा पाना 1.8 पट केला तर दुसरं तोंड 19.8 होतं आणि आपण त्यावर 19 लिहितो. उघडं तोंड दांड्याच्या सरळ रेषेतही नसतं, ते साधारण 15 अंश कललेलं असतं, म्हणजे अडचणीच्या जागी पाना उलटा करून नट पुढे घेता येतो. सरळ तोंडाचा पाना खेळण्यातला वाटतो.

रंगाबद्दल थोडक्यात. क्रोम आणि त्याखालचं पोलाद दोन्ही धातू आहेत, दोघांना `Metallic` 1. फरक मुख्यतः `Roughness` मध्ये ठेवा: क्रोमला 0.12, घासलेल्या पोलादाला 0.4. गंज धातू नाही, त्याला `Metallic` 0 आणि `Roughness` 0.9. मास्कची कड मऊ ठेवली तर मधल्या पट्ट्यात `Metallic` 0.5 येतं आणि तिथे राखाडी प्लास्टिक दिसू लागतं. "धातू प्लास्टिकचा वाटतोय" ही तक्रार बऱ्याचदा इथूनच येते. `Color Ramp` ची दोन टोकं जवळ आणून कड धारदार करा. ठाण्याच्या पावसाळी हवेत क्रोमवर गंज धरतो तो आधी टाचणीच्या टोकाएवढ्या ठिपक्यांनी, जिथे क्रोमला बारीक छिद्र पडलंय तिथे. सलग तपकिरी पट्टा फक्त तोंडाशी, जिथे क्रोमच उरलेलं नाही.

बिटची झीज वेगळी. खाचांवर ओरखडे टाकू नका, तिथून कीस सरकतो आणि पृष्ठभाग साफ राहतो. झिजतात ते धारांचे बाहेरचे दोन कोपरे, ते किंचित गोलावतात. दांड्यावर, जिथे जबडे धरतात, गोल फिरलेले ओरखडे असतात, कारण चक ढिला राहिला की बिट आत घसरतं. वापरलेल्या बिटवर ही खूण जवळजवळ नेहमी असते, आणि बिट जबड्यांतून थोडं बाहेर दाखवलं की ती दिसतेही. टोक तापून निळसर-पिवळट झालेलं दाखवायचं तर टोकापासून पाच-सात मिलीमीटरपर्यंतच दाखवा.

ग्रिपचे ठिपके लांबट होतात

हे लवकर सुटतं. मशीनच्या मुठीवर रबराचे गोल ठिपके दिले आणि ते मुठीच्या लांबीत अंड्यासारखे ताणले गेले, तर बहुधा `Texture Coordinate` चं `Generated` लावलेलं असतं. ते वस्तूच्या चौकटीत स्वतःला बसवतं, आणि मूठ उंच-अरुंद असल्याने ताण येतो. मूठ अनरॅप करून `UV` वापरा. आधी चौकटींचं चेकर टेक्स्चर लावा, सगळ्या चौकटी चौरस दिसेपर्यंत पुढे जाऊ नका. तरीही बिघडलं तर वस्तूचं स्केल लागू केलेलं नाही, `Ctrl+A` आणि `Scale`, मग मूठ पुन्हा अनरॅप करा.

खोलीचा अंदाज हमखास चुकतो. त्या मशीनच्या मुठीवरचे ठिपके मी मोजले, जेमतेम अर्धा मिलीमीटर उंच होते. `Bump` नोडमध्ये `Strength` 1 आणि `Distance` 0.0005 द्या. `Distance` 1 राहिलं तर मूठ मगरीच्या पाठीसारखी होते, आणि मग आपण `Strength` कमी करत बसतो, त्यात छाया मळकट होते. बाह्यरेषेत दिसतील अशा जाड रेघा मात्र जाळीतच काढाव्या लागतात, `Bump` ने बाह्यरेषा हलत नाही.

रबराची झीज धातूच्या उलट चालते. धातू घासला की खरखरीत होतो, रबर घासलं की चकाकतं. अंगठा आणि तर्जनीच्या मधला भाग जिथे टेकतो तिथे ठिपके खाली बसतात आणि `Roughness` 0.7 वरून 0.45 वर येते. एकच रंगवलेला मास्क `Bump` च्या उंचीला आणि `Roughness` ला दोन्हीकडे जोडा. मुठीच्या खालच्या टोकाशी ठिपके नवेच ठेवा, तिथे करंगळीचाही जोर पोहोचत नाही. नक्षी कवचाच्या दोन अर्ध्यांच्या जोडावरून सलग नेऊ नका, साच्यात ती जोडापाशी थांबते.

दुरुस्त फाइलमध्ये काय बदललं

तीनदा परत आलेल्या त्या फाइलमध्ये मी लाइट, कॅमेरा, बाकड्याचं लाकूड, कशालाच हात लावला नाही. मशीन आणि बिट पुन्हा सरळ केले आणि मशीन 180 अंशांत फिरवलं. बिटचे वेढे सहावरून 1.6 वर आणले, टोकाची सुई बोथट केली, उजळ पट्टीची पायरी दिली, चकबाहेर 15 मिलीमीटर दांडा ठेवला. पान्यांना `vapar` दिलं आणि दांड्यांवरची झीज पुसली. ग्रिपचं `Distance` 1 वरून 0.0005 केलं. सगळं मिळून दीड दिवस गेला, त्यातला जवळजवळ एक दिवस बिटवर.

प्रिंट घेऊन पुन्हा खाली गेले. काकांनी ती ट्यूबलाइटखाली धरून बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "ह्यातला 12-13 माझाच ना?"

हे सगळं सायकल्समध्ये चालतं. इव्हीमध्ये `Bevel` नोड आणि `Pointiness` दोन्ही काम करत नाहीत, मास्क सपाट येतो आणि झीज एकदम नाहीशी होते. फाइल इव्हीत न्यायची असेल तर आधी सायकल्समध्ये मास्क `Emission` ला जोडून `Emit` प्रकाराने 2048 च्या इमेजवर बेक करा, इमेजचं `Color Space` `Non-Color` ठेवा, आणि `vapar` चा गुणाकार बेक झाल्यानंतर लावा. तो आधी लावून बेक केलात तर 20-22 च्या इमेजमध्ये जवळजवळ काहीच उरत नाही, आणि पुढे त्याला थोडं जुनं करायचं ठरलं तर सगळं बेकिंग पुन्हा करावं लागतं.